पाच पंप, एकच विहीर

दिवाळीत कोल्हापूरला गेलो होतो. फराळाची ताटं उचलून झाल्यावर वहिनींनी कपाटातून एक फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. त्या शाळेत शिक्षिका आहेत, निवृत्तीला आठ वर्षं उरली आहेत. फाईलमध्ये त्यांच्या सगळ्या म्युच्युअल फंडांचा एकत्रित उतारा होता. एका पॅनवर जितकी खाती असतील ती सगळी एकाच कागदावर दाखवणारं स्टेटमेंट ईमेलवर येतं, त्याची छापील प्रत. पाच फंड, प्रत्येकात महिन्याला तीन हजारांची एसआयपी आणि प्रत्येकात जवळपास एक-एक लाख जमलेले.

“भाऊजी, मी सगळं पाच ठिकाणी वाटून ठेवलंय. एक बुडाला तरी चार राहतील,” त्या म्हणाल्या.

पाचही फंडांची नावं वेगळी, फंड हाऊस वेगळी. एक लार्ज कॅप फंड, शाळेत आलेल्या एजंटाने सुचवलेला. एक कर वाचवण्यासाठी मार्चमध्ये घाईने घेतलेला ईएलएसएस. एक फ्लेक्सी कॅप, सहकारी शिक्षिकेने सांगितलेला. ॲपवर पाच तारे दिसले म्हणून एक फोकस्ड फंड. आणि शेवटचा निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, कारण त्याचा खर्च कमी असतो असं त्यांनी वाचलं होतं. एकेक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर त्यात काही चूक सापडत नाही. म्हणूनच मी त्यांना म्हटलं, नावं बाजूला ठेवू आणि आत काय आहे ते बघू.

आत काय आहे हे कुणालाही बघता येतं. प्रत्येक फंड हाऊसला महिना संपल्यापासून दहा दिवसांत आपल्या प्रत्येक योजनेतली पूर्ण गुंतवणूक संकेतस्थळावर जाहीर करावी लागते: कोणत्या कंपनीचे किती शेअर, किती रुपयांचे, आणि एकूण रकमेच्या किती टक्के. त्याची एक्सेल फाईल मिळते. आम्ही पाचही फाईल उतरवून घेतल्या आणि बसलो.

इथे वहिनींचे नेमके आकडे देत नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून ते पूर्णांकात बसवून घेतले आहेत, आणि प्रत्येक फंडात बरोबर एक लाख, म्हणजे एकूण पाच लाख आहेत असं धरलं आहे. चित्र मात्र या प्रकारच्या फंडांमध्ये सर्रास दिसतं तेच आहे.

सुरुवात एचडीएफसी बँकेपासून केली, कारण पाचही याद्यांत ती वरच्या ओळींत होती. लार्ज कॅपमध्ये ९ टक्के, फ्लेक्सी कॅपमध्ये ८, फोकस्डमध्ये ९, ईएलएसएसमध्ये ८ आणि इंडेक्स फंडात १३. म्हणजे पाच लाखांपैकी ४७ हजार रुपये एकट्या त्या बँकेत. पुढची आयसीआयसीआय बँक, तीही पाचही ठिकाणी, बेरीज ३९ हजार. मग रिलायन्स २७ हजार, भारती एअरटेल २३ हजार, इन्फोसिस २२ हजार, लार्सन अँड टुब्रो १७ हजार. या सहा कंपन्यांची बेरीज १ लाख ७५ हजार झाली. पाच फंडांच्या याद्यांमध्ये मिळून शंभरावर नावं होती, पण प्रत्येक शंभर रुपयांतले पस्तीस रुपये या सहा दारांतूनच आत जात होते.

वहिनी बराच वेळ त्या बेरजेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे आमच्या माहेरच्या सामाईक विहिरीसारखं झालं. पाच भावांचे पाच पंप, पाच वीजबिलं. उन्हाळ्यात विहीर आटली की पाचही एकदम बंद.”

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. दोन फंडांमधल्या या सामाईक हिश्श्याला बाजारात ओव्हरलॅप म्हणतात. तो मोजायची रीत सोपी आहे, पण तिच्यात एक गफलत नेहमी होते, म्हणून थोडं थांबून ती सांगतो.

बरेच जण दोन याद्यांमध्ये किती नावं सारखी आहेत ते मोजतात. लार्ज कॅपमध्ये ५५ कंपन्या, फ्लेक्सी कॅपमध्ये ६०, त्यांतल्या ३६ सारख्या. पण नावं मोजून काही कळत नाही. एखादी कंपनी एका फंडात ९ टक्के आणि दुसऱ्यात अर्धा टक्का असेल, तर ती दोन्हीकडे आहे हे खरं, पण सामाईक रक्कम अर्धा टक्काच आहे. म्हणून प्रत्येक सारख्या कंपनीसाठी दोन टक्केवाऱ्यांपैकी लहान आकडा घ्यायचा आणि त्या सगळ्या लहान आकड्यांची बेरीज करायची. एचडीएफसी बँक ९ आणि ८, तर ८ धरा. आयसीआयसीआय ८ आणि ७, तर ७. रिलायन्स ७ आणि ४, तर ४. वहिनींच्या लार्ज कॅप आणि फ्लेक्सी कॅपमध्ये त्या सहा कंपन्यांपुरतीच ही बेरीज २९ झाली. उरलेल्या तीस सारख्या कंपन्यांनी आणखी २४ ची भर घातली. ओव्हरलॅप ५३ टक्के. दुसऱ्या फंडात घातलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी ५३ रुपये पहिल्या फंडाचंच काम पुन्हा करत होते.

घरी करायचं असेल तर एका शीटमध्ये कंपनी, पहिल्या फंडाची टक्केवारी आणि दुसऱ्या फंडाची टक्केवारी असे तीन रकाने करा. एखाद्या फंडात ती कंपनी नसेल तर तिथे शून्य लिहा. मग चौथ्या रकान्यात:

```
=MIN(B2,C2)
```

हेच सूत्र खालपर्यंत ओढा आणि रकान्याची बेरीज घ्या. दोन याद्या जुळवताना कंपनीच्या नावावर विसंबू नका. एकीकडे ‘लार्सन अँड टुब्रो लिमिटेड’ तर दुसरीकडे ‘लिमिटेड’ऐवजी ‘लि.’ असं लिहिलेलं असतं आणि संगणक त्यांना दोन वेगळ्या कंपन्या समजतो. प्रत्येक शेअरपुढे बारा अक्षर-अंकांचा आयएसआयएन क्रमांक दिलेला असतो, भारतीय कंपन्यांचा तो `INE` ने सुरू होतो. त्यावरून जुळवा. ही चूक झाली की ओव्हरलॅप आहे त्याहून कमी दिसतो आणि खोटं समाधान मिळतं.

आता प्रश्न असा की पाच वेगळ्या फंड हाऊसचे पाच वेगळे मॅनेजर एकाच विहिरीवर का येतात. त्यात कुणाची लबाडी नाही, रचनाच तशी आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने योजनांचे प्रकार ठरवून दिले. बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप, त्यापुढच्या स्मॉल कॅप. ही यादी ॲम्फी वर्षातून दोनदा जाहीर करते. लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के रक्कम त्या शंभरांतच ठेवावी लागते. नियम चांगला होता, कारण त्याआधी एकच फंड हाऊस जवळपास सारख्याच चार-चार योजना वेगळ्या नावांनी विकत असे, ते थांबलं. पण त्यामुळे देशातला प्रत्येक लार्ज कॅप फंड त्याच शंभर नावांच्या रिंगणात आला. त्या शंभरांतही वरच्या दहा-पंधरा कंपन्या इतक्या मोठ्या आहेत की बाकीच्यांना मिळून जेमतेम तेवढी जागा उरते.

त्यातच फंड मॅनेजरची कामगिरी निर्देशांकाशी ताडून बघितली जाते. एचडीएफसी बँकेचा निर्देशांकात मोठा वाटा आहे. मॅनेजरने ती घेतलीच नाही आणि ती वाढली, तर त्याचा फंड मागे पडतो आणि त्याला जाब विचारला जातो. ती घेतली आणि पडली, तर सगळेच पडलेले असतात, त्याला कुणी वेगळं काढत नाही. अशा स्थितीत माणूस काय करेल ते उघड आहे. शिवाय हजारो कोटी सांभाळणाऱ्या फंडाला छोट्या कंपनीत शिरताच येत नाही. तो खरेदीला उतरला की भाव चढतो, विकायला गेला की कोसळतो. मोठा पैसा आपोआप मोठ्या कंपन्यांकडे वळतो.

फ्लेक्सी कॅप, ईएलएसएस आणि फोकस्ड या फंडांवर मात्र शंभर कंपन्यांचं बंधन नाही. फ्लेक्सी कॅपला कुठल्याही आकाराच्या कंपन्या घ्यायची मोकळीक आहे, ईएलएसएसचं वेगळेपण तीन वर्षांच्या कुलपात आहे, तर फोकस्ड फंडाचं जास्तीत जास्त तीस कंपन्यांच्या मर्यादेत. तरीही यांतल्या बऱ्याच फंडांचा मोठा भाग लार्ज कॅपमध्येच सापडतो. त्यांचा मापदंड बहुधा निफ्टी ५०० असतो, आणि बाजारमूल्यावर आधारित त्या निर्देशांकात पहिल्या शंभर कंपन्याच निम्म्याहून बरीच अधिक जागा घेऊन बसलेल्या आहेत. माझं मत सांगायचं तर सामान्य गुंतवणूकदाराची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. प्रकाराचं नाव वेगळं म्हणजे आतला माल वेगळा असणार, असं तो धरून चालतो.

याचा परिणाम एखाद्या वाईट दिवशी दिसतो. १७ जानेवारी २०२४ चा दिवस आठवून बघा. आदल्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल आले, बाजाराला ते आवडले नाहीत आणि त्या एका दिवसात शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडला. निफ्टी दोन टक्क्यांच्या वर घसरला. वहिनींचे ४७ हजार त्या दिवशी असेच लावलेले असते, तर एका बँकेच्या एका निकालाने त्यांच्या पाच लाखांतून सुमारे पावणेचार हजार रुपये गेले असते, आणि तेही पाचही फंडांतून एकाच वेळी. ‘एक बुडाला तरी चार राहतील’ हे ज्या दिवसासाठी होतं, नेमक्या त्याच दिवशी ते खोटं ठरलं असतं.

पण मला याहून मोठा तोटा वाटतो तो वीजबिलाचा. तो रोज होतो आणि दिसत नाही. समजा वहिनींचा लार्ज कॅप फंड एजंटामार्फत घेतलेला आहे आणि त्याचा वार्षिक खर्च १.८ टक्के आहे. एक लाखावर वर्षाला १,८०० रुपये. त्या फंडाचा निफ्टीच्या इंडेक्स फंडाशी ओव्हरलॅप ६० टक्के निघाला. म्हणजे लाखातले साठ हजार जिथे आहेत, तिथे इंडेक्स फंडही पैसे लावतोच, आणि त्याचा खर्च समजा ०.३ टक्के. त्या साठ हजारांसाठी १८० रुपये पुरले असते. मग उरलेले १,६२० रुपये कशाचे? मॅनेजरने स्वतःच्या अकलेने निवडलेल्या चाळीस हजारांचे. चाळीस हजारांवर १,६२० म्हणजे चार टक्क्यांहून अधिक. फंडाच्या कागदावर १.८ छापलेलं असतं, पण मॅनेजरच्या खऱ्या निवडीसाठी आपण चार टक्के मोजत असतो. त्या चाळीस हजारांनी दर वर्षी निर्देशांकापेक्षा चार टक्के जास्त कमावले तर कुठे बरोबरी होणार.

असे तीन-चार फंड एकत्र घेतले की आणखी एक गोष्ट घडते. एका मॅनेजरने एखादी कंपनी निर्देशांकापेक्षा जास्त घेतलेली असते, दुसऱ्याने तीच कमी घेतलेली असते. दोघांची मतं एकमेकांना खोडतात आणि सगळ्यांची सरासरी पुन्हा निर्देशांकाच्या जवळ येते. वहिनींच्या पाच फंडांची एकत्र यादी मी निफ्टीशेजारी ठेवली तेव्हा वरच्या कंपन्यांचा क्रम जवळपास तोच होता. त्यांच्याकडे एक इंडेक्स फंड होता आणि उरलेले चार मिळून दुसरा, महागडा.

आता या मापाच्या मर्यादा. ओव्हरलॅप कमी निघाला म्हणजे काम झालं, असं नाही. एका फंडात एचडीएफसी बँक आणि दुसऱ्यात कोटक महिंद्रा बँक असेल, तर हिशेबात सामाईक काही दिसणार नाही. पण व्याजदर, थकीत कर्जं आणि रिझर्व्ह बँकेचे नियम दोघींना एकाच दिशेने ढकलतात. म्हणून कंपन्यांबरोबर क्षेत्रंही जुळवून बघावीत. निफ्टीचा सुमारे एक तृतीयांश भाग वित्तीय क्षेत्राचा आहे आणि लार्ज कॅप फंडांतही साधारण तेच दिसतं.

शेअरबाजारातच राहून ओव्हरलॅप शून्य केला तरी एका मर्यादेपलीकडे संरक्षण मिळत नाही. मार्च २०२० मध्ये कोविडच्या धास्तीने निफ्टी जानेवारीतल्या उच्चांकापासून सुमारे ३८ टक्के खाली आला, तेव्हा मिड कॅप आणि स्मॉल कॅपही त्याच्यासोबत कोसळले. तिथे उपयोगी पडतो तो वेगळ्याच जातीचा पैसा: पीपीएफ, मुदत ठेव, डेट फंड, थोडं सोनं. वहिनींचं भविष्य निर्वाह निधीचं खातं या पाच फंडांपेक्षा त्यांना जास्त वेगळेपण देत होतं, हे त्यांच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

उलट बाजूही आहे. दोन स्मॉल कॅप फंडांत ओव्हरलॅप बहुधा कमी असतो, कारण २५१ व्या क्रमांकापासून पुढे निवडीला शेकडो कंपन्या असतात आणि प्रत्येकीचा वाटा छोटा असतो. तिथे दोन वेगळे मॅनेजर ठेवण्यात अर्थ असू शकतो. दोन लार्ज कॅपमध्ये मला तो जवळपास कधीच दिसत नाही. निफ्टी ५० चे दोन इंडेक्स फंड म्हणजे तर एकच वस्तू दोन पाकिटांत.

किती ओव्हरलॅप चालतो, याला ठाम रेषा नाही. मी निम्म्यावर थांबतो. दोन फंडांचा सामाईक हिस्सा पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर त्यांतला एक का ठेवावा, याचं उत्तर मालकाला देता आलं पाहिजे. सेबीनेही जुलै २०२५ मध्ये चर्चेसाठी मांडलेल्या मसुद्यात व्हॅल्यू आणि काँट्रा असे दोन्ही फंड चालवू इच्छिणाऱ्या फंड हाऊससाठी पन्नास टक्क्यांचीच मर्यादा सुचवली होती. मात्र ही आकडेमोड एका महिन्याच्या यादीवर होते आणि मॅनेजर शेअर बदलत राहतो. एका महिन्याच्या आकड्यावर फंड काढू किंवा घेऊ नये, सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं.

वहिनींना मी काहीही लगेच विकू दिलं नाही. एक वर्षाच्या आत विकलेल्या युनिटांच्या नफ्यावर २० टक्के कर बसतो, वर्षानंतर १२.५ टक्के, तोही एका आर्थिक वर्षातला असा एकूण नफा सव्वा लाखाच्या पुढे गेला तरच. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी असते, त्यामुळे एकाच फंडातली काही युनिटं जुनी आणि काही कालची असतात. अनेक फंडांत वर्षाच्या आत बाहेर पडलं तर एक्झिट लोडही कापला जातो. ईएलएसएसचा तर प्रत्येक हप्ता तीन वर्षं कुलपात. त्या आता नव्या करप्रणालीत गेल्या आहेत, तिथे ८० सी ची सवलत नाही, म्हणजे तो फंड घेण्याचं मूळ कारणही उरलेलं नव्हतं.

म्हणून त्यांनी आधी फक्त एसआयपी वळवल्या. लार्ज कॅप, फोकस्ड आणि ईएलएसएसचे पुढचे हप्ते बंद. इंडेक्स फंड आणि फ्लेक्सी कॅप चालू, आणि तिसरा नवा हप्ता निफ्टी मिडकॅप १५० च्या इंडेक्स फंडात. हा निर्देशांक पहिल्या शंभर कंपन्या वगळून पुढच्या दीडशेंचा बनवलेला आहे, त्यामुळे निफ्टी ५० शी त्याचा ओव्हरलॅप रचनेनेच शून्य असतो. मिड कॅपमध्ये चढउतार जास्त असतात आणि निवृत्ती जवळ येत चालली आहे, म्हणून तिथला हप्ता त्यांनी मुद्दाम लहान ठेवला. जुनी युनिटं वर्षाची होतील तशी, सव्वा लाखाच्या मर्यादेत, हळूहळू काढायची.

आता त्यांच्या एसआयपी पाचाऐवजी तीन आहेत, आणि त्या तिन्हींतून पैसा दोनशेच्या वर कंपन्यांमध्ये जातो. तुमचे फंड दोनपेक्षा जास्त असतील, तर पुढच्या महिन्याच्या दहा तारखेनंतर त्यांच्या याद्या उतरवून घ्या आणि सगळ्यात आधी प्रत्येक यादीतल्या पहिल्या दहा ओळी शेजारी शेजारी मांडा. पंधरा मिनिटांचं काम आहे.